दोन माइक, अर्धा आवाज

पुढाऱ्याच्या पत्रकार परिषदेत टेबलावर माइकचा जुडगा असतो. वृत्तवाहिन्यांचे रंगीत ठोकळे लावलेले दहा-पंधरा माइक एकमेकांना खेटून, चिकटपट्टीने बांधलेले. बोलणारा एक, ऐकणारे पंधरा, आणि तरी संध्याकाळी कुठल्याही वाहिनीवर त्या पुढाऱ्याचा आवाज धड येतो. याउलट दोनच माइक लावून घरच्या घरी केलेली एखादी मुलाखत ऐकावी. खोली शांत, माइक चांगल्यातले, दोघंही टेबलाशी नीट बसलेले. पण पाहुणा बोलू लागला की त्याच्या आवाजातला गाभाच कुणी काढून घेतल्यासारखं वाटतं. शब्द कळतात, आवाज मात्र पोकळ.

पंधरा माइकनी जे बिघडत नाही ते दोन माइकनी बिघडतं, याचं कारण माइकच्या संख्येत नाही. पत्रकार परिषदेतला प्रत्येक माइक आपापल्या कॅमेऱ्याला जोडलेला असतो. या वाहिनीचा आवाज त्या वाहिनीच्या आवाजात कुणी मिसळत नाही. मुलाखतीत मात्र दोन माइकचे आवाज मिक्सरवर किंवा एडिटिंगच्या वेळी एकत्र येतात. बिघाड होतो तो या बेरजेत.

बेरीज म्हटली की आवाज वाढायला हवा, हा आपला साधा हिशेब. तो चुकतो, कारण इथे मोठेपणाची बेरीज होत नाही. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. दाब नेहमीपेक्षा वाढला की माइकमधून अधिक चिन्हाचा विद्युतदाब निघतो, उतरला की उणे चिन्हाचा. मिक्सर त्या त्या क्षणी दोन्ही माइककडून आलेले आकडे चिन्हासकट मिळवतो. दोन्ही माइक एकाच क्षणी अधिक एक देत असतील तर बेरीज दोन. एक अधिक एक देतोय आणि दुसरा उणे एक, तर बेरीज शून्य. दोन्ही माइक ठणठणीत, दोन्हींत आवाज भरपूर, आणि मिक्सरमधून बाहेर काहीच नाही.

एकच आवाज दोन माइकमध्ये उलट चिन्हाने कसा पोचतो? बहुतेक वेळा उशीर झाल्यामुळे. आपल्याकडच्या खोलीत आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, तो जेमतेम वीतभर-दीड वीत पुढे सरकतो. कानाला हा उशीर उशीर म्हणून जाणवतच नाही, प्रतिध्वनी ऐकू येत नाही. पण बोलण्यातल्या कंपनांचा पल्लाही याच मापाचा असतो. 500 हर्ट्झच्या कंपनाचं एक आवर्तन दोन मिलिसेकंदांत पुरं होतं. तेव्हा एका मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे बरोबर अर्धं आवर्तन. एका माइकपाशी शिखर असतं तेव्हा दुसऱ्यापाशी दरी.

आता ती मुलाखत मापून बघू. टेबलाच्या एका बाजूला मुलाखत घेणाऱ्या बाई, समोर पाहुणे, दोघांपुढे एकेक माइक. सुरुवातीला पाहुणे पुढे वाकून बोलत होते. दहा मिनिटांत मोकळे झाले आणि खुर्चीला पाठ टेकून बसले. आता त्यांचं तोंड स्वतःच्या माइकपासून 50 सेंटीमीटरवर आहे आणि बाईंच्या माइकपासून एक मीटरवर. फरक 50 सेंटीमीटर, म्हणजे बाईंच्या माइकमध्ये पाहुण्यांचा आवाज 1.45 मिलिसेकंद उशिरा पोचतो.

ज्या कंपनाचं आवर्तन याच्या दुप्पट वेळात, म्हणजे 2.9 मिलिसेकंदांत पुरं होतं, ते इथे मरतं. ते आहे 345 हर्ट्झचं. त्याच्या दुप्पट, 690 हर्ट्झला, उशीर पूर्ण एका आवर्तनाएवढा होतो. शिखरावर शिखर येतं आणि तो स्वर उलट जास्त मोठा होतो. 1035 हर्ट्झला पुन्हा कट्टी, 1380 ला पुन्हा दोस्ती, 1725 ला कट्टी. आलेख काढला तर तो कंगव्यासारखा दिसतो, वरपर्यंत सारख्या अंतरावर दात आणि मध्ये खाचा. साउंडवाले याला कोम फिल्टरिंग म्हणतात, ते याच दातांवरून.

या खाचा बोलण्यावर काय करतात ते स्वरांवरून कळतं. आपण ‘आ’ म्हणतो तेव्हा तोंडाच्या पोकळीत ढोबळमानाने 700 आणि 1100-1200 हर्ट्झच्या आसपासची कंपनं उचलली जातात. ‘ई’ म्हणताना हीच ठिकाणं साधारण 300 आणि 2300 च्या आगेमागे असतात. माणसागणिक आकडे थोडे बदलतात, पण ‘आ’ हा ‘आ’ आणि ‘ई’ हा ‘ई’ वाटतो तो याच जोड्यांमुळे. आता आपला कंगवा त्यावर ठेवा. ‘आ’ची खालची जागा 690 च्या दातावर येते आणि फुगते, वरची 1035 च्या खाचेजवळ पडते. ‘ई’च्या तर दोन्ही जागा खाचांच्या आसपास, 345 आणि 2415 ला. म्हणजे एकाच वाक्यात एक स्वर सुजतो आणि दुसरा वाळतो. ‘पोकळ’ या तक्रारीच्या मुळाशी ही ओढाताण असते. आवाज सगळीकडे सारखा कमी झालेला नसतो, जागोजागी कुरतडलेला असतो.

इथे एक रास्त शंका येईल. बाईंचा माइक दुप्पट लांब आहे, मग त्यात पाहुण्यांचा आवाज कमी असणार आणि कट्टीही अर्धवट होणार. बरोबर. अंतर दुप्पट झालं की माइकमधला दाब साधारण निम्मा होतो. पाहुण्यांच्या माइकमध्ये एक असेल तर बाईंच्या माइकमध्ये अर्धा. दातांवर बेरीज दीड, खाचांत वजाबाकी अर्धा. शिखर दरीच्या तिप्पट, म्हणजे साडेनऊ डेसिबलचा फरक. हा कुणाच्याही कानाला कळतो. पाहुणे पुढे वाकून स्वतःच्या माइकपासून 20 सेंटीमीटरवर होते आणि दुसरा माइक तेव्हा समजा मीटरभर लांब होता, तर एकास पाच असं प्रमाण पडतं. बेरीज 1.2, वजाबाकी 0.8. एवढा फरक आवाजाच्या गर्दीत खपून जातो. म्हणूनच पहिली दहा मिनिटं सगळं छान वाटत होतं.

या हिशेबावरूनच साउंडवाल्यांचा जुना नियम आलाय, तीनास एक. तोंड आणि माइक यांत जेवढं अंतर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. तेवढं ठेवलं तर शिखर आणि दरी यांतला फरक सहा डेसिबलच्या आसपास राहतो आणि काम भागतं. नियम चांगला आहे, शिकवतातही सगळीकडे, पण त्याच्या पोटात एक अट आहे आणि ती सांगायची राहून जाते. दोन्ही माइकचा गेन सारखा हवा.

प्रत्यक्षात तो सारखा नसतो. बाई हळू बोलतात, म्हणून त्यांच्या माइकचा गेन सहा डेसिबलनी चढवलेला असतो. सहा डेसिबल म्हणजे दुप्पट. पाहुण्यांचा जो आवाज बाईंच्या माइकमध्ये निम्मा येत होता, तो आता पूर्ण एक झाला. पाहुण्यांच्या स्वतःच्या माइकमध्येही एकच आहे. एकातून एक गेला की शून्य. अंतरामुळे जे संरक्षण मिळालं होतं, ते एका बटणाने परत दिलं. खऱ्या खोलीत भिंती, छत आणि टेबलावरून येणारे आवाज खाचा थोड्या भरून काढतात, त्यामुळे अगदी शून्य क्वचितच होतं. तरी नुकसान व्हायचं तेवढं होतंच.

हाताने चढवलेला गेन निदान दिसतो तरी. आपोआप चढणारा दिसत नाही. बऱ्याच छोट्या रेकॉर्डरमध्ये आणि फोनमध्ये आवाज आपोआप सावरणारी सोय चालू असते. समोर शांतता वाटली की ती गेन वाढवते. पाहुणे मोठं उत्तर देऊ लागले, बाई गप्प बसल्या की बाईंच्या माइकचा गेन हळूहळू वर सरकू लागतो आणि त्याबरोबर त्या माइकमधले पाहुणेही. प्रत्येक उत्तर खणखणीत सुरू होऊन चार वाक्यांनंतर पोकळ होत असेल आणि पुढच्या प्रश्नानंतर पुन्हा सुधारत असेल, तर आधी ही सोय चालू आहे का ते बघावं.

ही तक्रार घेऊन एडिटिंग करणारी मुलं येतात तेव्हा त्यांचा पहिला हात ईक्यूकडे जातो. “दादा, पाहुण्यांचा आवाज फार पोकळ येतोय. मधला भाग थोडा उचलून बघू का?” उत्तर ठरलेलं असतं, “काही उचलू नकोस. आधी बाईंचा ट्रॅक म्यूट कर.” एक ट्रॅक बंद केला आणि आवाज कमी होण्याऐवजी भरला, तर निदान पक्कं. दुसरी कुठली चाचणी लागत नाही. ईक्यूचा इथे उपयोग नाही, कारण जिथे शून्य झालंय ते कितीही उचललं तरी शून्यच. शिवाय पाहुण्यांनी मान हलवली की अंतर बदलतं, खाचा सरकतात आणि आपण बसवलेला ईक्यू भलत्याच जागी काम करत राहतो. बोलता बोलता डुलणाऱ्या वक्त्याच्या आवाजात जी एक ‘सुईं’ अशी सरकती छटा येते, ती या सरकत्या खाचांचीच.

आवाज पोकळ न होता पातळ होतो, तेव्हा मात्र दुखणं बहुधा वेगळं असतं. तिथे उशीर नसतो, वायर उलटी असते. माइकच्या एक्सएलआर केबलमध्ये तीन पिना असतात. एक नंबरला जाळी, दोन आणि तीन नंबरला आवाजाची जोडी. दुरुस्ती करताना कुणी दोन आणि तीनची अदलाबदल केली, तरी तो माइक एकटा अगदी नीट चालतो. शंका यायचं कारणच नाही. पण पोडियमवर त्याच्या शेजारी सरळ केबलचा दुसरा माइक लावला की एक जिथे अधिक म्हणतो तिथे दुसरा उणे म्हणू लागतो. वक्त्याच्या तोंडापासून दोघांच्या अंतरात पाच सेंटीमीटरचा फरक आहे असं धरा. पुरुषी आवाजाचा तळ 100 ते 150 हर्ट्झला असतो. त्या संथ कंपनांना पाच सेंटीमीटर म्हणजे काहीच नव्हे, त्यामुळे ती जवळजवळ पूर्ण कटतात. एका माइकवर 150 हर्ट्झचा जेवढा आवाज आला असता, त्याच्या सातव्या हिश्शाएवढा उरतो. 1150 हर्ट्झच्या वर मात्र कटण्याऐवजी भर पडू लागते. तळ गेला आणि च, स, ट यांसारख्या व्यंजनांची धार वाढली. भारदस्त आवाजाचा माणूस किरकिरा ऐकू येतो.

यावर उपाय एका बोटाचा आहे. मिक्सरवर ø असं चिन्ह असलेलं बटण असतं, ते त्या माइकची चिन्हं उलटवतं. दोन माइकपैकी एकावर ते दाबलं आणि आवाज एकदम भरून आला, तर दोष केबलचा. ती केबल लगेच बाजूला काढून तिच्यावर खूण करावी, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात ती पुन्हा हाताला लागते. उशिरामुळे झालेल्या बिघाडात हे बटण दाबलं तर आवाज बदलतो, सुधारत नाही. आपल्या मुलाखतीत खाचा 345 वरून उठून 690 आणि 1380 वर जाऊन बसतील आणि वर तळही जाईल.

हाच दोष 1974 साली अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडच्या लोकांनी मुद्दाम वापरला होता. त्यांच्या ‘वॉल ऑफ साउंड’ या व्यवस्थेत स्पीकरची प्रचंड भिंत गायकांच्या मागे उभी असे. म्हणजे स्पीकरचा आवाज थेट गायकांच्या माइकमध्ये शिरून शिट्टी वाजणार. त्यांनी प्रत्येक गायकाला दोन सारखे माइक दिले, सहाएक सेंटीमीटरच्या अंतरावर, आणि त्यातला एक उलटा जोडला. गायकाने एकाच माइकला तोंड लावून गायचं. मागच्या भिंतीचा आवाज दोन्ही माइकमध्ये सारखा येई आणि कटून जाई. गायकाचा आवाज एकाच माइकमध्ये जोरात येई, तो उरे. युक्ती चालली, पण गाण्याचा आवाज थोडा पातळ होई. तोंड माइकपासून जरा लांब गेलं की तर जास्तच.

हा बिघाड पुष्कळदा रेकॉर्डिंगच्या वेळी कळतच नाही, कारण तेव्हा आपण हेडफोन लावलेला असतो. कॉलर माइक डाव्या बाजूला, कॅमेऱ्याचा माइक उजव्या बाजूला अशी मांडणी असली तर दोन आवाज दोन कानांत वेगवेगळे पोचतात. त्यांची बेरीज झालेलीच नसते. उलट आवाज जरा पसरट, श्रीमंत वाटतो. मग तोच व्हिडिओ कुणी एकाच स्पीकरच्या फोनवर लावतो, तो फोन डावं-उजवं एकत्र करतो आणि खाचा तिथे उघड्या पडतात. आपल्याकडे बहुतेक व्हिडिओ फोनवरच ऐकले जातात. तेव्हा हेडफोन काढून, मोनो करून एकदा ऐकणं हा सोपस्कार नव्हे, कामाचाच भाग आहे.

झालेलं दुरुस्त होतं का? ट्रॅक वेगवेगळे असतील तर बरंचसं होतं. बोलणारा एकच असेल, त्याला कॉलर माइक आणि वरून बूम असे दोन माइक असतील, तर एक ट्रॅक सरकवता येतो. कॉलर माइक तोंडापासून 20 सेंटीमीटरवर आणि बूम 75 वर असेल, तर उशीर साधारण 1.6 मिलिसेकंद. सेकंदाला 48,000 नमुने घेणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ते होतात 77 नमुने. बोलणाऱ्याने सुरुवातीला तोंडाजवळ एक टाळी वाजवलेली असली की पडद्यावर दोन्ही ट्रॅक मोठे करून टाळीचे टोकदार उंचवटे एका रेषेत आणायचे. मात्र बोलणारा पाच सेंटीमीटर सरकला तरी 3450 हर्ट्झला नवी खाच पडते. म्हणून माझ्या मते सरकवण्याच्या भानगडीत न पडता, जो माइक बरा वाजतो तो ठेवावा आणि दुसरा बंद करावा. दुसरा माइक पहिला बिघडला तर असावा म्हणून असतो, दोन्ही ऐकवायलाच हवेत असं काही नाही.

टेबलावरच्या मुलाखतीत सरकवणं तर मुळातच जमत नाही. पाहुण्यांसाठी बाईंचा ट्रॅक 70 नमुने आधी आणला की पाहुणे जुळतात. पण बाईंचा आवाज आधी त्यांच्याच माइकमध्ये आणि नंतर पाहुण्यांच्या माइकमध्ये पोचलेला असतो. त्याही पाहुण्यांच्या माइकपासून तेवढ्याच लांब बसल्या असतील, तर त्यांच्या आवाजातलं 70 नमुन्यांचं अंतर आता 140 होतं. एकाला जुळवलं की दुसरा बिनसतो. तिथे एकच मार्ग, जो बोलत नाही त्याचा माइक खाली ओढायचा. तोही पार बंद नको. दहा-बारा डेसिबल उतरवला की खाचा भरून येतात आणि पंख्याची घरघर प्रत्येक वाक्यागणिक उगवत-मावळत नाही. जिथे सात-आठ माणसं एकत्र बोलतात तिथे हे हाताने करत बसणं अवघड. अशा वेळी ऑटोमिक्सर कामी येतो. डॅन डुगन या अमेरिकन साउंड इंजिनिअरने 1970 च्या दशकात त्याची रीत बसवली. बोलणाऱ्याचा माइक वर येतो, बाकीचे त्याच प्रमाणात खाली जातात आणि सगळ्यांचा मिळून गेन तेवढाच राहतो. दोघं एकदम बोलू लागले तर दोन्ही माइक उघडे राहतात आणि थोडी पोकळी येतेच. ती तेवढ्यापुरती चालवून घ्यावी.

यातलं काहीही करता येण्यासाठी प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा रेकॉर्ड झालेला हवा. बऱ्याच स्वस्त मिक्सरमधून यूएसबीने कॉम्प्युटरकडे दोनच ट्रॅक जातात, डावा आणि उजवा, आणि दोन्हींत सगळ्या माइकची बेरीज असते. तुमचा मिक्सर तसा असेल तर निदान दोन माइक पॅनच्या खुंटीने एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवा. ते नंतर वेगळे करता येतात. एकदा एकाच ट्रॅकवर मिसळले गेलेले दोन माइक नंतर कुणालाही धड वेगळे करता येत नाहीत, आणि त्या बेरजेत जे कटलं ते परत येत नाही.